रिकामा रकाना म्हणजे शून्य का? ऑनलाइन मार्कांच्या वहीतली सरासरी वाचायची कशी

मंगळवारी सकाळी पावणेआठला फोन वाजला. पन्हाळ्याच्या बाजूच्या एका गावातून, दुसऱ्या वर्षातल्या एका मुलाच्या वडिलांचा.

"सर, पोराचं काय झालं ओ? रविवारी मोबाइलवर ८६ टक्के दाखवत होतं. भावकीत सांगून बसलोय. आज बघतोय तर २६! दोन दिवसांत ६० टक्के गेलं कुठं?"

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात शिकवतो, आणि विभागाची ऑनलाइन मार्कांची वही सांभाळायचं कामही माझ्याच गळ्यात आहे. त्यासाठी आमच्याकडे मूडल ही ऑनलाइन प्रणाली आहे. काकांना म्हटलं, कॉलेजात पोचतो आणि बघून सांगतो. उघडून बघितलं तर मुलाचा एकही मार्क हललेला नव्हता. चाचणीचे १७ तसेच, असाइनमेंटचे ९ तसेच. कुठं नवा शून्य पडलेला नाही. ज्या रकान्यांत रविवारी आडवी रेघ होती, त्यांत मंगळवारीही आडवी रेघच होती. तरी ८६ चे २६ झाले होते.

झालं होतं एवढंच, की सोमवारी आमच्यातल्याच एका सहकाऱ्यानं सेटिंगमधली एक टिकली काढली होती. `Exclude empty grades` असं तिचं नाव. ती लावलेली असेल तर मूडल रिकाम्या रकान्यांना हिशेबात धरत नाही. काढली तर प्रत्येक रिकामा रकाना कमीत कमी मार्काचा, म्हणजे सहसा शून्याचा, धरतं. पण स्क्रीनवर शून्य लिहीत नाही, रेघ तशीच ठेवतं. घोळ इथूनच सुरू होतो.

त्या मुलाचा विषय १०० मार्कांचा. वही उघडल्यावर असं दिसत होतं: पहिली चाचणी २० पैकी १७, पहिली असाइनमेंट १० पैकी ९. दुसरी असाइनमेंट १० ची, रेघ. प्रयोगवही २० ची, रेघ. दुसरी चाचणी २० ची, रेघ. प्रकल्प २० चा, रेघ. मिळालेले मार्क एकूण २६.

रिकामे रकाने बाजूला ठेवले तर मुलानं ३० पैकी २६ मिळवलेत, म्हणजे ८६.६७ टक्के. शून्य धरले तर १०० पैकी २६, म्हणजे २६ टक्के. दोन्ही भागाकार बरोबर आहेत. वरचा आकडा तोच, खालचा बदललाय. काकांचे ६० टक्के कुठं गेले नव्हते, भागायचा आकडा ३० चा १०० झाला होता.

दुपारी काकांना परत फोन लावला. आता हे फोनवर समजवायचं कसं? ते डेअरीला दूध घालतात हे मला ठाऊक होतं, म्हणून तिथूनच सुरुवात केली.

"काका, दहा दिवसांच्या बिलात दोन सकाळी दूध घातलंच नाही असं होतं ना कधी?"

"होतं की. मागल्या बिलात झालंय. घरात बारसं होतं, दूध घरातच लागलं."

"मग त्या दोन दिवसांची फॅट सचिवानं शून्य लिहिली तर?"

"शून्य कशी लिहील? दूधच घातलं नाही तर फॅट कुठली?"

मुद्दा त्यांच्याच तोंडून निघाला. आठ सकाळी दूध घातलं, दर वेळी पाच लिटर, फॅट सात. सरासरी फॅट सातच. पण कुणी उरलेल्या दोन सकाळी शून्य धरून दहानं भागलं तर सरासरी येईल ५.६, आणि दर त्या फॅटवर लागला तर काका सेंटरवर भांडायला जातील. बरोबरच आहे. म्हशीचं दूध कसं आहे हा प्रश्न असेल, तर जे दूध मापात पडलंच नाही त्याला हिशेबात जागा नाही.

आता काकांच्या दुधाच्या त्याच कार्डावरून दुसरा प्रश्न विचारा: दहा दिवसांत रोज सरासरी किती लिटर घातलं? आठ सकाळचे चाळीस लिटर, भागिले दहा, म्हणजे चार. इथं ते दोन रिकामे दिवस शून्य म्हणून धरायलाच हवेत. आठानं भागून "रोज पाच लिटर घालतोय" म्हटलं तर ती थाप होईल. कार्ड एकच, रिकाम्या जागाही त्याच दोन. रिकामी जागा शून्य आहे की नाही हे त्या जागेकडं बघून ठरत नाही, प्रश्न कोणता विचारलाय त्यावरून ठरतं.

मार्कांच्या वहीचंही तेच आहे. ८६.६७ टक्के हे एका प्रश्नाचं उत्तर आहे: आजवर जे तपासलं गेलं त्यात मुलानं कसं केलंय? आणि २६ टक्के हे दुसऱ्याचं: आज काम थांबवलं, पुढं काहीच दिलं नाही, तर वर्षाच्या शेवटी हातात किती? स्क्रीनवर मात्र दोघांच्याही समोर `Course total` एवढंच लिहिलेलं असतं. कोणता प्रश्न विचारलाय हे तिथं छापलेलं नसतं.

एवढ्यावर काका शांत झाले असते. पण मी त्या मुलाच्या वहीकडं आणखी थोडा वेळ बघत बसलो, कारण मला ८६.६७ हा आकडाही खटकत होता.

त्या चार रेघांची चौकशी केली. दुसऱ्या असाइनमेंटची मुदत पंधरा दिवसांपूर्वी संपली होती आणि मुलानं ती दिलेलीच नव्हती. विषय शिकवणारे सर उशिरा आलेलं काम घेत नाहीत. प्रयोगवही मुलानं वेळेत अपलोड केली होती, तपासायची राहिली होती आमच्याकडून. दुसरी चाचणी आणि प्रकल्प तर अजून व्हायचेच होते. म्हणजे रेघा चार, पण त्यांची कारणं तीन: एक मुलाचा आळस, एक मास्तरांचा आळस आणि दोन अजून न आलेले दिवस. सॉफ्टवेअरला या तिन्हींत फरक दिसत नाही. त्याच्या लेखी सगळ्याच रिकाम्या. ती टिकली लावली तर मुलाचा आळस माफ होतो, काढली तर मास्तरांच्या उशिराची आणि अजून न झालेल्या परीक्षेची शिक्षा मुलाला बसते. दोन्हीकडं अन्यायच. आणि टिकली एकच असल्यामुळं तिच्यानं हे सुटणार नाही.

आता ८६.६७ बद्दल. दुसऱ्या असाइनमेंटचे १० मार्क तर गेलेच. समजा बाकी सगळ्यात मुलानं पैकीच्या पैकी मिळवले: प्रयोगवहीत २०, चाचणीत २०, प्रकल्पात २०. हातातले २६ धरून झाले ८६. म्हणजे रविवारी मोबाइलवर दिसत होता तो आकडा त्या मुलाला वर्षाअखेर मिळणं कोणत्याही परिस्थितीत शक्यच नव्हतं. "सरासरी" म्हणून जे दिसत होतं ते त्याच्या कमाल मर्यादेच्याही वर होतं. भावकीत सांगितलेला आकडा हा होता.

मग खरा आकडा कोणता? माझ्या मते त्या दिवशीचा प्रामाणिक हिशेब असा: मुदत संपलेली असाइनमेंट शून्य, बाकीच्या तिन्ही रेघा हिशेबाबाहेर. म्हणजे ४० पैकी २६, ६५ टक्के. सोबत दोन टोकं सांगायची: पुढं काहीच केलं नाही तर २६, सगळं पैकीच्या पैकी मिळालं तर ८६. एका टक्केवारीपेक्षा या दोन टोकांतून पालकांना जास्त कळतं. वर्षाच्या सुरुवातीला ती लांब असतात आणि दर तपासलेल्या कामागणिक जवळ येत जातात.

आमच्या सहकाऱ्यानं टिकली का काढली हेही सांगितलं पाहिजे, कारण त्यांची तक्रार खोटी नव्हती. त्यांच्या वर्गात एका मुलानं पहिल्या चाचणीत २० पैकी १९ काढून पुढं काहीच दिलं नव्हतं, आणि वही त्याला ९५ टक्के दाखवत होती. रोज येऊन सगळी कामं देणारी मुलगी ७८ वर. रिकामं बाजूला ठेवायचं ठरवलं की काम न देणाऱ्याचा फायदा होतो, एका बऱ्या मार्कावर तो वर्षभर बसून राहतो. त्यांना ते सहन झालं नाही. फक्त त्यांनी इलाज एका मुलावर करायच्या ऐवजी सगळ्या वर्गावर केला.

शिवाय ती टिकली काढलेली असली की आणखी एक गंमत होते. सत्राच्या सुरुवातीला एखादे उत्साही सर पुढचा प्रकल्प, तोंडी परीक्षा असले रकाने आधीच तयार करून ठेवतात. रकाना तयार झाला त्याच क्षणी सगळ्या वर्गाची टक्केवारी घसरते. परीक्षा नाही, पेपर नाही, तारीखसुद्धा ठरलेली नाही, आणि साठ मुलं एका रात्रीत नापास.

आपल्या मोबाइलवरचा आकडा कोणत्या पद्धतीचा आहे हे सेटिंग न बघताही ओळखता येतं. मुलाच्या `User report` मध्ये मार्कांच्या शेजारी बहुतेक ठिकाणी `Calculated weight` आणि `Range` हे रकाने दिसतात. आमच्या उदाहरणात पहिली चाचणी १०० पैकी २० ची, म्हणजे तिचं वजन २० टक्के असायला हवं. रविवारी तिथं ६६.६७ टक्के दिसत होतं. कारण रिकामं बाजूला ठेवल्यावर ३० मार्कांचाच विषय उरतो आणि त्यात २० म्हणजे दोन तृतीयांश. विषयाच्या योजनेत २० टक्के असलेली चाचणी ६०-७० टक्के वजन घेऊन बसलेली दिसली, की समजायचं, रिकामे रकाने बाहेर ठेवलेत आणि फार थोड्या मार्कांवर मोठा आकडा उभा आहे. एकुणाच्या ओळीतली `Range` सुद्धा बोलते. नुसते मार्क मिळवून एकूण करण्याची नेहमीची पद्धत असेल तर तिथं ० ते १०० ऐवजी ० ते ३० दिसेल. मिळालेले २६ दोन्हीकडं २६ च राहतात, म्हणून टक्क्यांऐवजी "किती पैकी किती" वाचायची सवय बरी.

सगळ्या प्रणालींत हे असंच चालतं असं नाही. कॅनव्हास वापरणाऱ्या संस्थांत विद्यार्थ्याच्या पानावरच `Calculate based only on graded assignments` अशी चौकट असते. ती मुलानं स्वतः काढून बघायची, दुसरा आकडा लगेच समोर येतो. त्यानं खरे मार्क बदलत नाहीत. मूडलमध्ये मुलाच्या हातात असलं काही नसतं, तो निर्णय शिक्षकाच्या खोलीत होतो.

आणि ज्यांची वही एक्सेलमध्येच आहे त्यांनी सुटलो म्हणू नये. ही साधी ओळ घ्या:

```
=AVERAGE(B2:G2)
```

हे सूत्र रिकामी चौकट सोडून देतं, पण ० लिहिलेली चौकट धरतं. आपल्याकडं गैरहजर मुलासमोर `AB` लिहायची पद्धत आहे. तो मजकूर असल्यामुळं तीही चौकट सूत्र निमूटपणे सोडून देतं. म्हणजे चाचणीला दांडी मारली तर सरासरी तशीच राहते, आणि येऊन कोरा पेपर दिला तर पडते. गैरहजेरीला शून्य हा कॉलेजचा नियम असला तरी सूत्राला त्याचा पत्ता नसतो.

आता दुरुस्ती. टिकली परत लावायची आणि ज्यांनी मुदतीत काम दिलं नाही त्यांना त्या एका कामात उघड शून्य द्यायचं. शून्य स्क्रीनवर दिसलं पाहिजे, नाहीतर मुलाला कळत नाही की आपलं काही राहिलंय. हे बोलायला सोपं आहे. करताना आम्ही तिथंही एकदा आपटलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मूडलच्या `Single view` मध्ये एक सोय आहे, `Bulk insert`. एका रकान्यातल्या सगळ्या रिकाम्या जागी एकदम एकच आकडा भरता येतो. साठ मुलांच्या वर्गात हात दुखत नाहीत. सहकाऱ्यांनी दुसऱ्या असाइनमेंटला ती वापरली, काम झटक्यात झालं. त्याच धडाक्यात प्रयोगवहीच्या रकान्यातही शून्यं भरली. पण तिथल्या रिकाम्या जागांत दोन जातीची मुलं होती: वही न दिलेली, आणि वही देऊन तपासणीची वाट बघत बसलेली. सोयीला तो फरक कळत नाही. ती फक्त रिकामं बघते आणि भरते. आमच्या काकांचा मुलगा दुसऱ्या जातीतला.

आठवड्यानं प्रयोगवह्या तपासून झाल्या. मुलाला २० पैकी १८ मिळाले. सर असाइनमेंटच्या पानावर १८ भरायला गेले, तर मार्कांची चौकटच बंद. आणि एकुणात शून्यच! मुलगा माझ्या दारात. सर म्हणाले, मी तर तपासलीय, पण मार्क भरताच येत नाहीत. दोघंही खरं बोलत होते.

कारण असं: मार्कांच्या वहीत थेट हातानं आकडा लिहिला की मूडल त्या चौकटीवर `Overridden` असा शिक्का मारतं. म्हणजे "शिक्षकानं मुद्दाम लिहिलंय, मी आता हात लावणार नाही." त्यानंतर असाइनमेंटच्या पानावरून त्या मुलाचे मार्क भरताच येत नाहीत. वर्गाच्या मोठ्या तक्त्यात असल्या चौकटीचा रंग वेगळा दिसतो, पण घाईत कोण बघतं? त्या चौकटीचं संपादन उघडून `Overridden` ची खूण काढली, मग सरांनी १८ भरले आणि ते जागेवर आले. बाकीच्या मुलांचंही एकेक करून काढावं लागलं, अर्धा दिवस गेला.

तेव्हापासून आमच्या विभागात शून्य द्यायचं ते असाइनमेंटच्या स्वतःच्या तपासणीच्या पानावर. तिथं कुणी काम दिलंय आणि कुणी नाही हे नावासमोरच दिसतं, आणि पुढं मुलानं परवानगी घेऊन काम दिलंच तर तिथला आकडा बदलला की वहीतलाही बदलतो. आजारपण, खेळाच्या स्पर्धा, घरातलं दुःख अशी रीतसर माफी असेल तर त्या मुलापुरती ती चौकट `Excluded` करायची. म्हणजे त्याच्यासाठी ते काम हिशेबातूनच गेलं. पुढच्या वर्षी वही बघणाऱ्याला रिकाम्या रेघेवरून माफी होती की विसर होता हे कळणार नाही, या खुणेवरून कळेल.

वर्गाच्या सरासरीबद्दल एकच गोष्ट. मोठ्या तक्त्याच्या तळाशी येणारी सरासरी वेगळ्या सेटिंगवर चालते, वरच्या टिकलीचा तिच्याशी संबंध नाही. साठ मुलांपैकी चाळीस जणांनी चाचणी दिली आणि त्यांची सरासरी १२ आली, तर साठांनी भागल्यावर तीच ८ होते. विभागाच्या बैठकीत "वर्ग कच्चा आहे" असं कुणी म्हणालं की मी आता आधी विचारतो, कितीनं भागलंय?

प्रयोगवहीचे १८ जागेवर बसल्यावर काकांना फोन केला. मुलाचा हिशेब तेव्हा असा होता: तपासलेली आणि मुदत संपलेली कामं मिळून ६० मार्कांची, त्यात १७, ९, ० आणि १८, म्हणजे ४४. टक्के ७३.३३. वर्षाअखेर कमीत कमी ४४, जास्तीत जास्त ८४.

"म्हंजे ८६ काय होत न्हाई आता," काका म्हणाले.

"नाही. रविवारी दिसत होते ते ८६.६७ तर तेव्हाही होणार नव्हते. पण ७५ हवे असतील तर उरलेल्या ४० मध्ये ३१ काढायला लागतील. ६० टक्क्यांवर समाधान असेल तर १६ पुरेत."

पलीकडं जरा वेळ काहीच आवाज नाही. मग लांबून, बहुतेक गोठ्याकडं तोंड करून, हाक आली, "अरं ए, ती दुसरी असाइनमेंट का दिली न्हाईस रं?"